जीवाणूची पेशी आणि दृश्यकेंद्रकी पेशी: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींमधल्या फरकांचा तक्ता बहुतेकांचा पाठ असतो. अडचण येते ती एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी संबंध विचारला की. म्हणून इथे दोनच पेशी घेतल्या आहेत. एक आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू आणि दुसरी पाव फुगवणारी यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. मधुमेहाच्या रुग्णांसाठी मानवी इन्सुलिन या दोन्ही पेशींकडून बनवून घेतले जाते. काम एकच, पण ते करण्याची तऱ्हा अगदी वेगळी, आणि ही तऱ्हा रचनेमुळेच ठरते.

तुलनेसाठी यीस्टच का? माणसाची पेशी का नाही?

दृश्यकेंद्रकी म्हटले की डोळ्यांसमोर प्राणी किंवा झाड येते, आणि मग "जीवाणू एकपेशीय, दृश्यकेंद्रकी बहुपेशीय" असे चुकीचे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते. यीस्ट ही एकच पेशी आहे. तिला ई. कोलायसारखी पेशीभित्तिकाही आहे. साखरेच्या पाण्यात दोन्ही आनंदाने वाढतात. म्हणजे एकपेशीय असणे, भित्तिका असणे, स्वतंत्र जगणे यांपैकी कशावरूनही त्यांना वेगळे करता येत नाही. उरतो तो फरक आतल्या मांडणीचा. यीस्टमध्ये केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड हे सगळे आहे, अगदी आपल्या यकृताच्या पेशीत असते तसेच. ई. कोलायमध्ये यांपैकी एकही नाही.

आकारही लक्षात ठेवा. ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि १ मायक्रोमीटरपेक्षा थोडा कमी रुंद असतो. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाची, गोल किंवा अंडाकृती असते.

जीवाणूत केंद्रक नाही, म्हणजे त्याचा डीएनए पेशीभर विखुरलेला असतो का?

नाही. केंद्रक नसणे म्हणजे डीएनएभोवती पटल नसणे, एवढाच त्याचा अर्थ. डीएनए पेशीच्या मधल्या भागात घट्ट गोळा होऊन असतो आणि त्या भागाला न्यूक्लिऑइड म्हणतात. त्याला कडा नसते, पण जागा ठरलेली असते.

तो किती घट्ट बसवावा लागतो याचा हिशेब स्वतः करून पाहा. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या के-१२ या वाणाच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या आहेत. दोन लागोपाठच्या बेसजोड्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की सुमारे १.६ मिलिमीटर येतात. म्हणजे २ मायक्रोमीटरच्या पेशीत तिच्या लांबीच्या ८०० पट लांबीचा रेणू बसवायचा आहे. त्यासाठी वर्तुळाकार डीएनएला पीळ देऊन, त्या पिळाला पुन्हा पीळ पाडला जातो, आणि काही छोटी प्रथिने त्याला जागोजागी वाकवून धरतात.

यीस्टकडे सुमारे १ कोटी २० लाख बेसजोड्या आहेत, त्या १६ सरळ गुणसूत्रांत वाटलेल्या. तिथे डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गुंड्यांभोवती गुंडाळलेला असतो, प्रत्येक गुंडीवर १४७ बेसजोड्या. जीवाणूत या प्रकारच्या गुंड्या नसतात. "जीवाणूचा डीएनए नग्न असतो" हे वाक्य मात्र टाळा. त्याच्यावरही प्रथिने असतातच, फक्त ती हिस्टोन नव्हेत.

केंद्रकाला पटल असले काय, नसले काय, पेशीच्या कामात काय फरक पडतो?

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा प्रश्न हाच आहे, कारण पुढचे बरेच फरक इथून निघतात.

जीवाणूत डीएनए आणि रायबोझोम एकाच पेशीद्रवात असतात. त्यामुळे जनुकावरून एम-आरएनए तयार होऊ लागला की त्याचे पहिले टोक मोकळे होताच रायबोझोम त्यावर चढतो. एम-आरएनए अजून अर्धाही झालेला नसतो आणि प्रथिन बनायला सुरुवात झालेली असते. ई. कोलायमध्ये आरएनए पॉलिमरेझ सेकंदाला साधारण ४५ न्यूक्लिओटाइड्स जोडतो आणि रायबोझोम सेकंदाला साधारण १५ अमिनो आम्ले. एका अमिनो आम्लाला तीन न्यूक्लिओटाइड्स लागतात, म्हणजे दोघांचा वेग जुळतो आणि ते मागोमाग चालतात. ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य टिपले. डीएनएचा एक दोरा, त्यातून बाजूला निघालेले लांबत जाणारे एम-आरएनए आणि त्या प्रत्येकावर ओळीने बसलेले रायबोझोम. सगळ्याच जीवाणूंत ही जोडी इतकी घट्ट नसते. बॅसिलस सबटिलिसमध्ये पॉलिमरेझ रायबोझोमला मागे टाकून पुढे निघून जातो.

यीस्टमध्ये हे शक्यच नाही. एम-आरएनए केंद्रकात बनतो आणि रायबोझोम बाहेर पेशीद्रवात काम करतात. मध्ये दुहेरी पटल आहे. पटलात छिद्रे आहेत, पण त्यांतून काय जाऊ द्यायचे यावर नियंत्रण असते. एम-आरएनएच्या एका टोकाला टोपी चढते, दुसऱ्या टोकाला ॲडेनिनची शेपटी लागते, मधले निरुपयोगी तुकडे म्हणजे इंट्रॉन कापून टाकले जातात, आणि मगच तो बाहेर पडतो. केंद्रकपटल नसते तर अर्धवट कापलेल्या एम-आरएनएवरच रायबोझोम चढले असते आणि इंट्रॉनचेही भाषांतर होऊन निकामी प्रथिने तयार झाली असती. वेळ जास्त लागतो हे खरे, पण संदेश वाचला जाण्याआधी तो संपादित करायची सवड दृश्यकेंद्रकी पेशीला मिळते.

मग माणसाचे इन्सुलिनचे जनुक जसेच्या तसे ई. कोलायमध्ये घातले तर काय होईल?

इन्सुलिन मिळणार नाही. का मिळणार नाही याची कारणे एकेक करून पाहिली तर दोन पेशींमधला फरक आपोआप उलगडतो.

पहिले कारण इंट्रॉन. मानवी इन्सुलिनच्या जनुकात दोन इंट्रॉन आहेत. ते कापणारी स्प्लायसिओझोम ही यंत्रणा जीवाणूकडे नाही. म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी पहिल्यांदा जीवाणूकडून मानवी इन्सुलिन मिळवले तेव्हा त्यांनी माणसाचे मूळ जनुक वापरलेच नाही. इन्सुलिनच्या अमिनो आम्लांचा क्रम माहीत होता, त्यावरून इंट्रॉनविरहित डीएनए रासायनिक रीतीने तयार केला आणि प्लाझ्मिडमध्ये जोडून ई. कोलायला दिला.

दुसरे कारण जास्त खोलवरचे आहे. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, २१ अमिनो आम्लांची ए आणि ३० अमिनो आम्लांची बी. दोन डायसल्फाइड बंध या साखळ्यांना एकमेकींशी जोडतात आणि तिसरा बंध ए साखळीच्या आतच असतो. डायसल्फाइड बंध तयार व्हायला ऑक्सिडीकारक वातावरण लागते. ई. कोलायचे पेशीद्रव याच्या उलट, क्षपणकारक असते. तिथे हे बंध टिकत नाहीत. आपल्या स्वादुपिंडाच्या पेशीत हे काम आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत होते. ती पोकळी पेशीद्रवापासून पटलाने वेगळी केलेली असल्यामुळे तिथले रसायन वेगळे राखता येते. ई. कोलायकडे अशी आतली पोकळी नाही.

म्हणून त्या काळी ए आणि बी साखळ्या वेगवेगळ्या ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या बनवल्या. त्या इतक्या लहान होत्या की जीवाणूच्या विकरांनी त्या तोडून टाकल्या असत्या, म्हणून त्यांना बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडले. दोघांमध्ये मेथिओनिन ठेवला. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन मेथिओनिनपाशीच साखळी तोडते, आणि इन्सुलिनमध्ये स्वतःचा एकही मेथिओनिन नाही, त्यामुळे साखळी अखंड सुटली. मग दोन्ही साखळ्या शुद्ध करून परीक्षानळीत बंध जुळवले. या मार्गाने आलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली.

एक अपवाद इथेच सांगतो. ई. कोलायला आतले आणि बाहेरचे अशी दोन पटले असतात आणि त्यांच्यामध्ये पेरिप्लाझम नावाची अरुंद जागा असते. तिथे डायसल्फाइड बंध जुळवणारी विकरे आहेत. म्हणजे वेगळ्या रसायनासाठी वेगळी जागा ही युक्ती जीवाणूलाही ठाऊक आहे. फक्त ती जागा पेशीच्या आत नसून कडेला आहे.

आणि यीस्टमध्ये हेच काम कसे होते?

यीस्टला इन्सुलिनचे जनुक देताना त्याच्या आधी एक छोटा संकेतक्रम जोडतात. साखळीचे हे पहिले टोक तिला आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलापाशी नेते आणि साखळी जालिकेच्या पोकळीत उतरते. तिथे तिची घडी बसते, बंध जुळतात. मग ती पटलाच्या पुटिकेत बसून गॉल्गीकडे जाते. तिथे संकेतक्रमाचा उरलेला भाग विकराने कापला जातो, आणि शेवटी पुटिका पेशीपटलाला मिळून आतला माल बाहेरच्या द्रवात सोडते.

कारखान्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ई. कोलायच्या बाबतीत पेशी फोडून आतले प्रथिनाचे गोळे काढावे लागतात, ते विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते. यीस्टच्या बाबतीत पेशी गाळून बाजूला करायच्या आणि उरलेल्या द्रवातून घडी बसलेले प्रथिन शुद्ध करायचे. आपल्याकडे बंगळुरूची बायोकॉन पिकिया नावाच्या दुसऱ्या एका यीस्टकडून इन्सुलिन बनवून घेते.

इन्सुलिनवर साखरेच्या साखळ्या नसतात म्हणून दोन्ही मार्ग चालतात. रक्ताच्या लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनवर त्या असतात, आणि त्या मानवी साच्याच्या असाव्या लागतात. ई. कोलाय त्या लावतच नाही, यीस्ट लावते पण वेगळ्या, मॅनोजने भरलेल्या. म्हणून तिथे हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या सस्तन पेशी वापरतात. त्यामुळे "जीवाणूत गॉल्गी नसते" हे वाक्य तक्त्यातली एक ओळ वाटले, तरी त्यावर औषध कोणत्या पेशीत बनवायचे हे ठरते.

मायटोकॉन्ड्रिया नाहीत, मग ई. कोलाय श्वसन कुठे करतो?

पेशीपटलावर. इलेक्ट्रॉन वहनाची साखळी आणि एटीपी सिंथेझ ही दोन्ही तिथेच बसलेली असतात. साखळी प्रोटॉन पटलाबाहेर ढकलते, प्रोटॉन एटीपी सिंथेझमधून परत आत येतात आणि एटीपी बनतो. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर हेच चालते. तत्त्व एकच, पटल वेगळे. "जीवाणूत ऑक्सिश्वसन होत नाही" असे लिहू नका.

जीवाणू इतके लहान का असतात?

व्यास १ मायक्रोमीटर असलेला गोल घ्या. पृष्ठफळ ३.१४ चौरस मायक्रोमीटर, घनफळ ०.५२ घन मायक्रोमीटर, गुणोत्तर ६. आता व्यास १० मायक्रोमीटर करा. पृष्ठफळ ३१४, घनफळ ५२४, गुणोत्तर ०.६. घनफळ हजारपट वाढले, पृष्ठफळ शंभरपटच.

आता मागचे उत्तर आठवा. जीवाणूचे अन्न पेशीपटलातून आत येते आणि एटीपीही त्याच पटलावर बनतो. पटल कमी पडले की दोन्ही कामे अडतात. यीस्टने यावर काढलेला मार्ग म्हणजे पटल आत घेणे. मायटोकॉन्ड्रियाच्या घड्यांमुळे पेशी मोठी होऊनही एटीपी बनवायला पुरेसे पटल मिळते.

विसरणाचीही मर्यादा आहे. रेणूला पेशीत एका टोकाकडून दुसरीकडे नुसते भरकटत पोचायचे असेल तर दहापट अंतराला शंभरपट वेळ लागतो. ई. कोलायला हे परवडते. मोठ्या पेशीत सूक्ष्मनलिकांच्या आणि ॲक्टिनच्या तंतूंवरून मालवाहू प्रथिनांनी ओढून नेण्याची सोय लागते.

नियमाला भलामोठा अपवाद कॅरिबियनमधल्या खारफुटीच्या पानांवर सापडला आहे. थायोमार्गरिटा मॅग्निफिका नावाचा हा जीवाणू २०२२ मध्ये जाहीर झाला आणि तो १ सेंटिमीटरच्या आसपास लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा आहे. पण त्याच्या पेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या पोकळीने व्यापलेला असतो आणि जिवंत पेशीद्रव कडेला पातळ थरात असते. त्याचा डीएनएही पटलाने वेढलेल्या छोट्या कप्प्यांत असतो. तेव्हा "जीवाणूत पटलाने वेढलेले काहीच नसते" असे सरसकट म्हणण्याऐवजी "केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, आंतर्द्रव्यजालिका नसतात" असे लिहिलेले बरे.

रायबोझोमचे ५० आणि ३० मिळून ७० कसे? आणि या ७०एस, ८०एसचा उपयोग काय?

एस हे वजनाचे एकक नाही. अपकेंद्रित्रात कण किती वेगाने खाली बसतो याचे ते माप आहे, आणि तो वेग वजनाबरोबर आकारावरही अवलंबून असतो. दोन भाग एकत्र आले की त्यांचे काही पृष्ठभाग एकमेकांआड झाकले जातात, द्रवाचा विरोध तितका कमी-जास्त होतो, म्हणून बेरीज जुळत नाही. जीवाणूत ५०एस आणि ३०एस मिळून ७०एस, यीस्टच्या पेशीद्रवात ६०एस आणि ४०एस मिळून ८०एस.

उपयोग म्हणाल तर प्रतिजैविके. क्लोरॅम्फेनिकॉल हे ५०एस भागात, जिथे अमिनो आम्ले जोडली जातात तिथे बसते. ८०एस रायबोझोमवर ते बसत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बुरशी आणि यीस्ट वाढवायच्या सबुरॉ माध्यमात हेच औषध घालतात. जीवाणू थांबतात, यीस्ट वाढते.

आता खरा मुद्दा. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःचे रायबोझोम असतात आणि ते जीवाणूच्या रायबोझोमचे नातेवाईक आहेत, त्यांच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल चालते. मग यीस्ट मरत का नाही? कारण माध्यमात ग्लुकोज असते. मायटोकॉन्ड्रियातली प्रथिने बनली नाहीत तरी यीस्ट किण्वनावर भागवते. हीच यीस्ट ग्लिसरॉल हा एकमेव अन्नस्रोत असलेल्या माध्यमावर, त्याच औषधासह लावा. वाढ होत नाही. ग्लिसरॉलवर जगायला श्वसन लागते, श्वसनाला मायटोकॉन्ड्रियात बनणारी काही प्रथिने लागतात, आणि ती आता बनत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया हे कधीकाळी पेशीत शिरलेल्या जीवाणूचे वंशज आहेत, हे म्हणणे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये सविस्तर मांडले. ते पटवणारा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

माणसातही याचे परिणाम दिसतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधे जीवाणूच्या ३०एस भागावर बसतात. काही कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये १५५५ व्या जागी ॲडेनिनऐवजी ग्वानिन असतो. एवढ्या एका बदलाने त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा रायबोझोम त्या जागी जीवाणूसारखा दिसू लागतो, आणि या औषधांच्या नेहमीच्या मात्रेनेही अशा माणसाला कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हा दोष आईकडून येतो, कारण मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात.

३०एस भागाची अणूपातळीवरची रचना २००० मध्ये मांडणाऱ्यांत तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्याला पदवी घेतलेले वेंकी रामकृष्णन होते. २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

दोघांनाही पेशीभित्तिका आहे, मग पेनिसिलिन यीस्टला का मारत नाही?

कारण भित्तिका दोघांना असली तरी पदार्थ वेगळा. जीवाणूची भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे छोटे पेप्टाइड. पेनिसिलिन हे आडवे जोड घालणाऱ्या विकराला निकामी करते. जीवाणू वाढत राहतो, भित्तिकेला नवे जोड मिळत नाहीत, आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. न वाढणाऱ्या जीवाणूवर पेनिसिलिन फारसे चालत नाही ते याचमुळे. यीस्टची भित्तिका ग्लुकान, मॅनोजयुक्त प्रथिने आणि थोड्या कायटिनची असते, तिथे हे विकरच नाही. वनस्पतींची सेल्युलोजची. प्राणिपेशीला भित्तिकाच नाही. मायकोप्लाझ्मा या जीवाणूंनाही नाही, म्हणून त्यांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन देऊन उपयोग होत नाही.

प्रात्यक्षिकात इडलीच्या पिठाची स्लाइड ग्रॅम रंजनाने जांभळी दिसली. त्यातले मोठे गोलही "ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू" लिहायचे का?

नाही, आणि ही चूक दरवर्षी होते. आंबलेल्या पिठात ल्यूकोनोस्टॉकसारखे जीवाणू असतात आणि बरेचदा यीस्टही असते. पिठाचा थेंब पाण्यात पातळ करून पातळ थर द्या, वाळवा, ज्योतीवरून फिरवून स्थिर करा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवा, आयोडीन एक मिनिट, धुवा, मग अल्कोहोल काही सेकंद, जांभळे पाणी निघणे थांबेपर्यंतच. शेवटी सॅफ्रानिन.

क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन यांचे मोठे संयुग पेशीत अडकते. भित्तिका जाड असेल तर अल्कोहोल ते बाहेर काढू शकत नाही. म्हणजे हे रंजन भित्तिकेची जाडी आणि घट्टपणा पाहते, पेशी जीवाणूची आहे की नाही हे नाही. यीस्टची भित्तिका जाड असल्यामुळे तीही जांभळी राहते.

ओळखायचे ते आकारावरून आणि अंकुरावरून. १०० एक्सच्या तेल-भिंगाखाली जीवाणू एखाद्या मायक्रोमीटरचे, जोडीने किंवा साखळीत दिसतात. यीस्ट त्यांच्या पाच-सातपट मोठी, अंडाकृती, आणि एखादीला बाजूला लहान अंकुर फुटलेला. तो अंकुर सापडेपर्यंत स्लाइड सरकवत राहा. जाड, आकारहीन जांभळे ठिपके बहुधा स्टार्चचे कण असतात. ते ओळखायला न रंगवलेला थेंब पातळ आयोडीनने पाहा, स्टार्च निळा-काळा होतो. अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर जीवाणू गुलाबी दिसतात, आणि थर जाड असला तर सगळेच जांभळे. म्हणून त्याच स्लाइडच्या एका कडेला ई. कोलायचा थर द्यायची सवय लावा. तो गुलाबी आला तरच बाकीच्या जांभळ्यावर विश्वास ठेवा.

मेसोसोम लिहायचा की नाही?

कित्येक पाठ्यपुस्तकांत पेशीपटलाची आत वळलेली घडी म्हणून मेसोसोम दाखवतात आणि त्याला श्वसनाचे काम देतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रसायनांनी स्थिर करताना ही घडी पडते. पेशी झटकन गोठवून पाहिल्या तेव्हा ती दिसली नाही. आज हा अवयव नसून तयारीतला दोष मानला जातो. बहुपर्यायी प्रश्नात तुमच्या अभ्यासक्रमाला अपेक्षित पर्याय निवडा, पण दीर्घोत्तरात ही गोष्ट जरूर लिहा.

अशीच जुनी दुसरी ओळ म्हणजे "जीवाणूत पेशीसांगाडा नसतो". ई. कोलाय दोन भागांत विभागताना मधोमध एफटीएसझेड या प्रथिनाचे कडे तयार होते, आणि हे प्रथिन आपल्या ट्युब्युलिनच्या कुळातले आहे.

फ्लॅजेलम दोघांनाही असते ना?

यीस्टला नसते, पण शुक्रपेशीला असते, तिच्याशी तुलना करा. नावाखेरीज दोन्हींत फारसे साम्य नाही. ई. कोलायचे फ्लॅजेलम म्हणजे सुमारे २० नॅनोमीटर जाडीचा फ्लॅजेलिनचा पोकळ तंतू. त्याच्या तळाशी पटलात बसलेली फिरती मोटर असते, ती आत येणाऱ्या प्रोटॉनवर चालते आणि तंतू गरगर फिरतो. शुक्रपेशीचे शेपूट त्याच्या दहापट जाड, पेशीपटलाने झाकलेले, आत नऊ जोड्या आणि मध्ये दोन सूक्ष्मनलिका. ते एटीपी वापरून वळवळते, फिरत नाही.

आर्किया कुठे बसवायचे?

त्यांना केंद्रक नाही, रायबोझोम ७०एसच्याच आकाराचा, म्हणून रचनेने ते आदिकेंद्रकी. पण भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही, अनेकांत डीएनए हिस्टोनांवर गुंडाळलेला, आणि आरएनए पॉलिमरेझ यीस्टच्या पॉलिमरेझशी जास्त जुळणारा. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोझोमच्या आरएनएची तुलना करून त्यांना जीवाणूंपासून वेगळे काढले. त्यामुळे प्रश्नात "जीवाणू" विचारले असेल तर पेप्टिडोग्लायकन लिहा, "आदिकेंद्रकी" विचारले असेल तर ते सगळ्यांना लागू करू नका.